वर्तुळातला चारशे बारा

तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात एक कारकून जुनी फेरफार नोंदवही टाइप करत बसला आहे. वही १९६० च्या आसपासची. कडा कुरतडलेल्या, काही पानांवर शाई दोन्ही बाजूंना फुटलेली. स्कॅन करून पाहिली तर मजकूर वाचता येईना, म्हणून टंकलिखित नक्कल करायचं ठरलं. दिवसाला तीस-चाळीस नोंदी होतात. खरेदी, गहाण, वारस, तगाईचा बोजा, पुन्हा वारस. संध्याकाळी चारच्या सुमाराला तो ४१२ नंबरच्या नोंदीवर येतो आणि तिथे त्याचे हात थांबतात.

ही गोष्ट मी या लेखासाठी रचली आहे. त्यातली माणसं, गाव आणि नंबर कल्पनेतले आहेत. पण त्यातला कागद, त्यावरचे रकाने, त्यात होणाऱ्या चुका आणि त्यांचे परिणाम खरे आहेत, आणि महाराष्ट्राच्या गावोगावी घडलेले आहेत. एका ओळीने कुटुंबाचा इतिहास बदलणं ही आपल्याकडे कथेपुरती गोष्ट राहिलेली नाही. २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या कामासाठी कुणबी नोंदी शोधताना जुनी जन्म-मृत्यू रजिस्टरं, शाळांचे दाखले आणि मोडीतल्या वह्या उघडल्या गेल्या, तेव्हा हे अनेक घरांनी अनुभवलं. मी मात्र इथे जमिनीच्या वहीतली नोंद घेतो. ती वाचायची कशी हे कळलं, तर आपल्या घराचा कागदही वाचता येतो.

आधी फेरफार म्हणजे काय ते पाहू. सातबारा हा गाव नमुना ७ आणि १२ यांचा जोड कागद. वरच्या भागात जमीन कोणाच्या नावावर, खालच्या भागात पीक काय. सातबारा आजची स्थिती सांगतो, पण ती तशी का झाली ते सांगत नाही. ते सांगतो गाव नमुना ६, म्हणजे फेरफार नोंदवही. जुनी माणसं तिला ‘ड पत्रक’ म्हणतात. तिच्यात चार रकाने असतात. पहिल्यात नोंदीचा क्रमांक, दुसऱ्यात मिळालेल्या हक्काचं स्वरूप, म्हणजे कोण मेलं, कोणी विकलं, कोणी घेतलं याची हकीकत. तिसऱ्यात कोणत्या भूमापन क्रमांकावर परिणाम झाला ते आणि चौथ्यात तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याचा शेरा व सही. तलाठी नोंद लिहितो, हितसंबंधितांना नोटीस देतो, हरकत आली नाही तर सर्कल नोंद मंजूर करतो. मंजुरीपर्यंत हातानं लिहायच्या सातबाऱ्यावर ही नोंद पेन्सिलीनं धरायची पद्धत होती. मंजुरी आली की ती शाईनं लिहायची, जुन्या नावाला कंस करायचा आणि नव्या नावाजवळ फेरफाराचा क्रमांक एका वर्तुळात लिहायचा.

ते वर्तुळ लक्षात ठेवा.

आता नोंद ४१२. कारकुनानं वाचलेला दुसरा रकाना असा आहे: सर्व्हे नंबर ११८ चा खातेदार १९६१ साली मयत. वारस, एक, मुलगी, वय २८, लग्न झालेली, अमुक गावच्या अमुकची कोम. दोन, मुलगा, वय २४. तीन, मुलगा, वय ९, अ.पा.क. आई. चार, मुलगी, वय १५. पाच, विधवा, वय ४२. सर्वांचे वतीने अनुक्रमांक दोनचे नाव ए.कु.मॅ. म्हणून दाखल केले. चौथ्या रकान्यात ‘मंजूर’ आणि सर्कलची सही, तारीख १९६२ ची.

यातली आद्याक्षरं समजून घेतल्याखेरीज पुढे जाता येणार नाही. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. मूल सज्ञान नाही, म्हणून त्याचा पालक कोण ते सांगितलं आहे. ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. काही भागांत याच अर्थानं ए.कु.क., एकत्र कुटुंब कर्ता, असं लिहीत. पाच वारसांची नावं सातबाऱ्यावर दाटीवाटीनं लिहिण्यापेक्षा सारा भरणाऱ्या एकाचं नाव लावायचं आणि तो सगळ्यांच्या वतीनं आहे हे या तीन अक्षरांनी सांगायचं, अशी ही सोय होती. तलाठ्याच्या दृष्टीनं ती शहाणपणाची होती. पण चार माणसांचा हक्क तीन अक्षरांवर टांगून ठेवणारी ती सोय होती, आणि मला ती कधीच निर्धास्त वाटलेली नाही.

आणि ‘कोम’. जुन्या दप्तरात मुलाला बापाशी जोडणारा शब्द ‘बिन’ आणि बाईला नवऱ्याशी जोडणारा शब्द ‘कोम’. टाइप करणाऱ्याला हा शब्द माहीत नसेल तर तो त्याला नावाचाच भाग समजतो आणि संगणकात एक अगम्य बाई तयार होते. त्याहून मोठी अडचण अशी की ‘कोम’ लागलेली मुलगी माहेरच्या आडनावानं शोधणाऱ्याला सापडत नाही. ती वहीत असते, पण दुसऱ्याच घराच्या नावाखाली.

कारकून थांबला, त्याचं कारण सकाळी त्याच्या टेबलावर आलेली दुसरी फाइल. गावातला एक खातेदार २००९ साली वारला होता. त्याच्या दोन मुलांनी वारसनोंदीसाठी अर्ज केला होता. गट नंबर २४३, क्षेत्र २ हेक्टर २२.५८ आर. सातबाऱ्यावर एकट्या वडिलांचं नाव, नावामागं काहीही नाही, आणि नावाच्या शेजारी वर्तुळात ४१२.

म्हणजे ४१२ मधला अनुक्रमांक दोन, तो चोवीस वर्षांचा मुलगा, तोच हा खातेदार. एवढी जुळणी वर्तुळातल्या आकड्यामुळे झाली. पण कारकुनाला इथे एक गोष्ट तपासणं भाग होतं. वहीत सर्व्हे नंबर ११८ आहे आणि सातबाऱ्यावर गट २४३. अनेक गावांत एकत्रीकरण योजनेत सर्व्हे नंबर मोडून गट नंबर पडले, तेव्हा जुन्या-नव्या नंबरांचा मेळ भूमी अभिलेख कार्यालयातल्या एकत्रीकरणाच्या उताऱ्यावरून घालावा लागतो. तो न घालता ‘आमच्या आज्याची जमीन सापडली’ म्हणत निघालेली माणसं दुसऱ्याच्याच शेतावर जाऊन उभी राहतात. क्षेत्रानंही ताळा घेता येतो. ११८ चं क्षेत्र ५ एकर २० गुंठे, म्हणजे २२० गुंठे. एक गुंठा म्हणजे सुमारे १.०११७ आर. गुणाकार केला की सुमारे २२२.५८ आर येतात. गटाचं क्षेत्र जुळलं. एकत्रीकरणाच्या उताऱ्यातही ११८ चा गट २४३ झाल्याचं दिसलं.

मग ए.कु.मॅ. गेलं कुठं?

हातानं लिहायच्या काळात सातबाऱ्याची पुस्तकं ठरावीक वर्षांनी, साधारण दहा वर्षांनी, नव्यानं लिहिली जात. याला पुनर्लेखन म्हणतात. जुनं पुस्तक समोर ठेवून तलाठी नवं लिहितो. कंसातली नावं वगळायची, चालू नावं उतरवायची. कारकुनानं जुनी पुस्तकं ओळीनं लावली. १९६२ नंतरच्या पहिल्या पुस्तकात थोरल्याच्या नावामागं ए.कु.मॅ. स्पष्ट आहे. पुढच्या पुस्तकातही आहे, पण रकान्याच्या कडेला, घाईत लिहिल्यासारखं. त्यानंतरच्या पुस्तकात नाही. नाव आहे, वर्तुळ आहे, मधली तीन अक्षरं नाहीत. आणि संगणकात जो सातबारा भरला गेला तो या शेवटच्या पुस्तकावरून.

इथे कसोटी एकच आहे आणि ती प्रत्येकानं शिकून घ्यावी इतकी सोपी आहे. सातबाऱ्यावरचा हक्काचा कोणताही शब्द यायला फेरफार लागतो, तसा जायलाही फेरफार लागतो. ए.कु.मॅ. जर वाटणी होऊन निघालं असेल, तर तिसऱ्या पुस्तकात वाटणीच्या फेरफाराचा नवा क्रमांक वर्तुळात दिसेल. इथे नवा क्रमांक नाही, अजून जुना ४१२ च आहे. म्हणजे कोणी हक्क सोडला नाही, कोणी वाटणी केली नाही. लिहिणाऱ्याची नजर घसरली, एवढंच झालं. कारकुनानं खात्रीसाठी १९६२ पासून पुढच्या फेरफारांची यादी चाळली. ११८ किंवा २४३ वर फक्त सोसायटीच्या कर्जाचा बोजा चढवल्याच्या आणि उतरवल्याच्या नोंदी होत्या. वाटणी कुठेच नव्हती.

अशा वेळी कधीकधी वेगळंच निघतं, तेही सांगायला हवं. नोंद सापडते, पण चौथ्या रकान्यात ‘रद्द’ असा शेरा असतो. लोक दुसरा रकाना वाचून आनंदतात आणि चौथा बघतच नाहीत. किंवा पुढे कुठेतरी ‘बहिणींनी हक्क सोडल्याचा जबाब दिला, सबब नावे कमी’ अशी ओळ आणि खाली अंगठे सापडतात. असे जबाब जुन्या वह्यांत भरपूर आहेत. पण स्थावर मिळकतीतला हिस्सा सोडायचा तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं, नुसत्या तलाठ्यापुढच्या जबाबानं हक्क जात नाही. अंगठ्याखाली काय लिहिलंय हे त्या बाईला किती सांगितलं गेलं असेल, हा प्रश्न मला अशी प्रत्येक ओळ वाचताना पडतो.

टाइप करणाऱ्याचं काम इथे काय होतं? जे आहे ते जसंच्या तसं उतरवणं. ‘कोम’ला ‘पत्नी’ करायचं नाही, चुकीचं वय दिसलं तरी बरोबर करायचं नाही, ए.कु.मॅ. फोडून लिहायचं नाही. आजची दुरुस्ती उद्याच्या वाचकाला मूळ मजकूर वाटते. पण वारसनोंदीची फाइल त्याच्याच टेबलावर होती, आणि तिच्यात खोटं काही लिहिलं नसलं तरी मोठं काहीतरी राहून गेलं होतं. त्यानं एक टिपणी लिहिली: फेरफार ४१२ पाहता मयत खातेदार एकत्र कुटुंब मॅनेजर म्हणून दाखल होता, नमूद इतर चार वारसांबाबत पुढील नोंद आढळत नाही, आदेशार्थ सादर. एवढं करणं त्याच्या हातात होतं आणि त्यानं ते केलं.

आता या एका नोंदीनं कोणाचं काय बदललं ते पाहू. थोरल्याच्या मुलांच्या मते जमीन त्यांच्या वडिलांची. मुंबईला गिरणीत गेलेला धाकटा काका दरवर्षी ज्वारीचं पोतं घेऊन जायचा, ते त्यांना मोठ्या मनाचं वाटायचं. ते पोतं त्याच्या हिश्शाचं होतं. आत्या दिवाळीला यायची. आणि एक आत्या आणखी होती, हे तर त्यांना ठाऊकच नव्हतं. २८ वर्षांची, सगळ्यांत थोरली. आजोबांच्या पहिल्या बायकोची मुलगी. पहिली बायको वारली, आजोबांनी दुसरं लग्न केलं, थोरल्या मुलीचं लग्न लवकर झालं, आणि पुढच्या पिढीच्या बोलण्यातून ती हळूहळू निघून गेली. वहीतून मात्र गेली नाही, कारण १९६२ च्या तलाठ्यानं वारस लिहिताना तिला पहिला क्रमांक दिला होता.

हिश्शांचं गणित कायद्याच्या तारखांवर चालतं. हिंदू उत्तराधिकार कायदा १७ जून १९५६ पासून लागू आहे. आजोबा १९६१ साली, म्हणजे त्यानंतर, मृत्युपत्र न करता वारले. पुढचा प्रश्न, जमीन वडिलोपार्जित की त्यांनी स्वतः घेतलेली? त्याचं उत्तरही फेरफारातच. कारकुनाला आधीची नोंद मिळाली: १९४८ साली आजोबांनी ११८ नंबर खरेदी केला होता. पैसा त्यांच्या स्वतःच्या कष्टाचा होता असं धरू, म्हणजे जमीन स्वकष्टार्जित. मग विधवा, दोन मुलगे आणि दोन मुली, पाचही जण सारखेच वारस, प्रत्येकाला पाचवा हिस्सा, ४४ गुंठे. ए.कु.मॅ. ही सारावसुलीची सोय होती, तिनं कोणाचा हिस्सा वाढला नाही की घटला नाही.

आजी पुढे वारली, तिनंही मृत्युपत्र केलं नव्हतं. तिचे ४४ गुंठे तिच्या पोटच्या तीन मुलांत जातात. सावत्र मुलगी कायद्यानं तिची ‘मुलगी’ धरली जात नाही. म्हणून थोरल्या आत्याचे ४४ गुंठे तेवढेच राहतात आणि बाकी तिघांचे प्रत्येकी सुमारे ५८.६७ गुंठे होतात. बेरीज करा, २२० येते. थोरल्याची मुलं २२० गुंठ्यांवर नाव लावायला आली होती. त्यांच्या वडिलांचे होते ५८.

हीच जमीन वडिलोपार्जित असती तर चित्र फार वेगळं झालं असतं. जुन्या कायद्याप्रमाणे आजोबांच्या मृत्यूच्या आदल्या क्षणी वाटणी झाली असं मानायचं: आजोबा, आजी आणि दोन मुलगे, प्रत्येकी चौथा हिस्सा. मग आजोबांच्या चौथ्या हिश्शाचे पाच भाग. थोरल्या मुलीला विसावा हिस्सा, ११ गुंठे. नंतर ९ सप्टेंबर २००५ पासून मुलींना जन्मानं मुलांइतकाच हक्क मिळाला, आणि ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की त्यासाठी वडील त्या दिवशी हयात असायला हवेत अशी अट नाही. म्हणजे हयात असलेल्या धाकट्या आत्याचा हिसाब त्या स्थितीत पुन्हा मांडावा लागला असता. एका खरेदीच्या नोंदीनं एवढा फरक पडतो, म्हणून वारसाचा फेरफार सापडला की तिथेच न थांबता त्याच्या मागचाही काढावा.

पण फेरफार म्हणजे मालकीचा दाखला नव्हे. तो महसुलाचा कागद. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे अधिकार अभिलेखातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानायची असते, त्यापलीकडे ती मालकी देत नाही आणि काढूनही घेत नाही. पुनर्लेखनात गळलेले शब्द परत आणायला कलम १५५ आहे: लेखनप्रमाद असेल तर नोटिसा देऊन, ऐकून घेऊन तहसीलदार दुरुस्ती करू शकतो. या गोष्टीत ए.कु.मॅ. त्या मार्गानं परत आलं. पण कोणाला किती हिस्सा हा वाद १५५ खाली सुटत नाही. सगळे कबूल असतील तर कलम ८५ प्रमाणे तहसीलदारापुढे वाटणी होते, नसतील तर दिवाणी कोर्ट. मधल्या काळात थोरल्यानं दोन एकर विकले असते तर गुंता आणखी वाढला असता, आणि अशा घरांत बहुतेकदा विकलेले असतात.

इथे विकलेले नव्हते. थोरल्याच्या मुलांपैकी धाकटा तहसीलच्या नोटिशीनंतर नोंदीची नक्कल घेऊन ‘कोम’पुढच्या गावी गेला. आत्या १९७८ साली वारली होती. तिथल्या फेरफार वहीत तिच्या नवऱ्याच्या जमिनीवर तिचे वारस म्हणून दोन मुलगे लागलेले होते, दुसऱ्या तलाठ्याच्या अक्षरात. त्यांतला एक अजून त्याच घरात राहत होता.

परतताना तो धाकट्या आत्याकडे थांबला. तिला वाचता येत नव्हतं. तिनं सांगितलं, पूर्ण वाच. त्यानं पाचही वारस क्रमानं वाचले, वयांसकट. ती काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, लहानपणी संक्रांतीला एक बाई यायची, मला बांगड्या आणायची, आई तिला पाटावर बसवायची. मी तिला मावशी म्हणायचे, कोणी दुरुस्त केलं नाही.

‘‘मी कितवी आहे त्यात?’’

‘‘तुम्ही चौथ्या, आत्या.’’

‘‘आणि ती?’’

‘‘पहिल्या.’’

‘‘मग आम्ही दादाला थोरला का म्हणत होतो रे इतकी वर्षं?’’